खातेउताऱ्यातील तपशील आणि दोन तारखांमधले अंतर

बँकेच्या खातेउताऱ्यात किंवा पासबुकात प्रत्येक व्यवहाराला एकच ओळ मिळते, आणि त्या ओळीत रक्कम कोणी दिली, कोणाला दिली, कोणत्या मार्गाने दिली आणि ती कधीपासून खातेदाराची झाली किंवा खातेदाराची राहिली नाही, एवढे सगळे कोंबून बसवलेले असते. रक्कम आणि शिल्लक हे दोन रकाने बहुतेक खातेदार वाचतात. तपशिलाचा रकाना आणि व्यवहाराच्या तारखेशेजारी छापलेली दुसरी तारीख, जिला बँकेत ‘व्हॅल्यू डेट’ आणि लिखित मराठीत मूल्य दिनांक म्हणतात, यांच्याकडे मात्र काही बिघडल्यावरच लक्ष जाते. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैनसारख्या गावात, जिथे एकाच बचत खात्यात सोयाबीनच्या विक्रीचे पैसे, सरकारी योजनांचे हप्ते, ट्रॅक्टरच्या कर्जाची वसुली आणि दुकानातली रोजची देणी एकत्र येतात, तिथे हे दोन रकाने वाचता येणे न येणे याचा परिणाम रुपयांत मोजता येतो. पुढील विवेचन अशाच एका खात्याचा नमुना कल्पून केलेले आहे.

खात्याच्या ओळी वाचण्यापूर्वी दिशेचा प्रश्न सोडवावा लागतो. उताऱ्यातील `CR` म्हणजे जमा आणि `DR` म्हणजे नावे, हे सर्वांना ठाऊक असते. पण स्टेट बँकेसारख्या काही बँकांच्या तपशिलात `BY TRANSFER` आणि `TO TRANSFER` असे शब्दप्रयोग येतात, ते जुन्या हातलेखी खतावणीच्या रूढीतून आलेले असून त्यांत `BY` जमेसाठी व `TO` नावेसाठी वापरतात. ‘टू’ पाहून पैसे आपल्याकडे आले असे समजणारा वाचक नेमका उलटा अर्थ काढतो. कर्जखात्याच्या उताऱ्यात आणखी एक फरक पडतो, तो असा की बचत खात्यात जमा शिल्लक म्हणजे बँकेचे खातेदाराला असलेले देणे, तर पीककर्जाच्या खात्यात शिल्लक रकमेपुढे `DR` असते आणि ते खातेदाराचे बँकेला असलेले देणे असते. त्यामुळे तिथे आकडा वाढणे ही आनंदाची गोष्ट नव्हे.

आता कल्पित खात्यातील नोव्हेंबर २०२५ मधील तीन ओळी पाहू. खात्यात ७ नोव्हेंबरच्या दुपारपर्यंत ६,३५० रुपये होते. खातेदाराने २२ क्विंटल सोयाबीन ४,२०० रुपये दराने विकले आणि व्यापाऱ्याने दिलेला ९२,४०० रुपयांचा धनादेश शुक्रवारी संध्याकाळी, वटणावळीची वेळ उलटून गेल्यावर, शाखेत भरला. त्यानंतरचा उतारा असा दिसतो:

```
Date      Value Dt  Narration             Debit     Credit    Balance
07/11/25  10/11/25  BY CLG CHQ DEP                  92400.00  98750.00
08/11/25  08/11/25  UPI/DR/531200012345/
                    KRUSHI KEN/MAHB/
                    xxxxx@ybl/BIYANE      4200.00             94550.00
10/11/25  10/11/25  ACH RTN CHG+GST        590.00             93960.00
```

तपशिलाचा आराखडा प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, पण त्यातले घटक आणि त्यांचा क्रम बऱ्याच अंशी सारखा राहतो, म्हणून मधली ओळ एकदा नीट उलगडली की इतर बँकांच्या उताऱ्यांतील ओळीही वाचता येतात. पहिला घटक मार्ग सांगतो, म्हणजे येथे `UPI`. दुसरा दिशा सांगतो. तिसरा घटक बारा अंकी संदर्भ क्रमांक असून तो सर्वांत उपयोगी आहे, कारण देणाऱ्याच्या बँकेत आणि घेणाऱ्याच्या बँकेत तो एकच असतो, आणि त्याच्या पहिल्या चार अंकांत सामान्यतः तारीखही दडलेली असते: पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन अंक म्हणजे त्या वर्षातला कितवा दिवस. `5312` म्हणजे २०२५ सालातला ३१२वा दिवस, अर्थात ८ नोव्हेंबर. उताऱ्यातली तारीख आणि या अंकांतली तारीख यांत एका दिवसाचा फरक दिसला, तर व्यवहार बहुधा मध्यरात्रीच्या आसपास झाला असून बँकेच्या संगणकप्रणालीने दिवसाचा हिशेब बंद करून पुढची तारीख लावल्यावर तो नोंदला गेला, असे समजावे. त्यानंतर येते समोरच्याच्या नावाची काही अक्षरे. जागा कमी असल्याने नाव मध्येच तुटते, आणि दुकानाच्या पाटीवरचे नाव व बँक खात्यावरचे नाव निराळे असले तर खात्यावरचेच छापले जाते. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला शिरपूरला आलेल्या यात्रेकरूला घरी परतल्यावर उताऱ्यात दुकानाऐवजी एखाद्या अनोळखी व्यक्तीचे नाव दिसते ते यामुळेच, आणि तेवढ्यावरून फसवणुकीचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. शेवटी समोरच्या बँकेचे चार अक्षरी संक्षिप्त रूप, त्याचा यूपीआय पत्ता आणि पैसे पाठवताना लिहिलेली टीप येते. ही टीप रिकामी न सोडता ‘बियाणे’ एवढे लिहिण्याची सवय वर्षाअखेरीला हिशेब लावताना फार कामाची ठरते.

ती चार अक्षरे म्हणजे शाखेच्या अकरा अक्षरी आयएफएस कोडचा पहिला भाग होय. पाचव्या जागी नेहमी शून्य असते आणि उरलेली सहा अक्षरे शाखा ओळखण्यासाठी असतात. `MAHB` म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, `SBIN` म्हणजे स्टेट बँक, `BKID` म्हणजे बँक ऑफ इंडिया आणि `ADCC` म्हणजे अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, जी १९९८ मध्ये वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाल्यानंतरही दोन्ही जिल्ह्यांत काम करते. ही अक्षरे कधी कधी बँकेच्या चालू नावापेक्षा तिचा इतिहास सांगतात. विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०१३ मध्ये वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक आणि विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक यांच्या एकत्रीकरणातून झाली, तिचा कोड `BKID0WAINGB` असा होता. त्यात आधी पुरस्कर्ती बँक ऑफ इंडिया आणि मग वैनगंगेचे नाव आहे, विदर्भ कोकणचे कुठेच नाही. ही बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. म्हणून जुना उतारा वाचताना कोडवरून बँक ओळखता न आल्यास ती बोगस आहे असे न मानता विलीनीकरणाची शक्यता आधी तपासावी.

मार्ग सांगणाऱ्या अक्षरांपैकी ग्रामीण खात्यात सर्वाधिक गोंधळ दोनच घालतात. `APBS`, किंवा काही बँकांत नुसते `APB`, हे आधार क्रमांकाच्या आधारे येणाऱ्या सरकारी अनुदानाचे चिन्ह आहे. केंद्राच्या पीएम-किसान योजनेचा हप्ता २,००० रुपयांचा असतो आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचाही २,००० रुपयांचाच असतो, त्यामुळे रकमेवरून कोणता हप्ता आला आणि कोणता राहिला हे मुळीच कळत नाही. ते केवळ तपशिलातील योजनेच्या नावावरून किंवा संदर्भावरून ठरते. शिवाय या मार्गाने येणारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही, कारण ती आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या बँकेकडे वळते; एखाद्या खातेदाराने नवे खाते उघडताना आधार जोडण्याला संमती दिली असेल, तर ‘बंद झालेला’ हप्ता त्या विसरलेल्या नव्या खात्यात सापडतो.

दुसरे चिन्ह `ACH` किंवा `NACH`, म्हणजे खातेदाराने आधी लेखी वा ऑनलाइन दिलेल्या आदेशानुसार ठरलेल्या तारखेला आपोआप होणारी वसुली किंवा जमा. कर्जाचे हप्ते याच मार्गाने कापले जातात, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी व सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे ‘सुट्टी आहे, हप्ता सोमवारी जाईल’ हा पूर्वीचा भरवसा आता धरता येत नाही. मेअखेरीस कापले जाणारे २० रुपये आणि ४३६ रुपये मात्र वेगळ्या जातीचे आहेत: ते अनुक्रमे प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा या योजनांचे वार्षिक हप्ते असतात, आणि विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असल्याने ते दरवर्षी त्याच सुमारास दिसतात.

नमुन्यातील तिसरी ओळ या `ACH` मार्गाचीच आहे, आणि पहिल्या ओळीतील दोन तारखा समजल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. व्यवहाराची तारीख म्हणजे बँकेच्या पुस्तकात नोंद ज्या दिवशी झाली तो दिवस. मूल्य दिनांक म्हणजे ज्या दिवसापासून ती रक्कम व्याजाच्या हिशेबात धरली जाते आणि प्रत्यक्ष बँकेच्या हाती आलेली मानली जाते तो दिवस. रोख भरणा, यूपीआय किंवा तात्काळ हस्तांतरणात दोन्ही तारखा सहसा एकच असतात, कारण नोंद आणि पैशाची हालचाल एकत्रच घडते. धनादेशाचे तसे नाही. धनादेश शाखेत दिला म्हणजे पैसे आले असे होत नाही. त्याची प्रतिमा देणाऱ्याच्या बँकेकडे जाते, ती बँक सही आणि शिल्लक पाहून होकार वा नकार कळवते, आणि मगच रक्कम सरकते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांची वटणावळ दिवसभर सलग सुरू झाली असून सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत पुढे पाठवलेला धनादेश त्याच दिवशी वटू शकतो, परंतु कल्पित खातेदाराचा धनादेश शुक्रवारी ही वेळ संपल्यावर पोहोचला. ८ नोव्हेंबर हा महिन्याचा दुसरा शनिवार, ९ तारखेला रविवार, म्हणून मूल्य दिनांक थेट सोमवार, १० नोव्हेंबर लागला.

काही बँका अशा वेळी वटेपर्यंत नोंदच करीत नाहीत. काही बँका नोंद लगेच करतात, शिल्लक वाढवून दाखवतात आणि तेवढी रक्कम न वटलेली म्हणून अडवून ठेवतात. नमुन्यातील बँक दुसऱ्या प्रकारची आहे, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. शनिवारी बियाण्याचे पैसे दिल्यावर उताऱ्यात शिल्लक ९४,५५० रुपये दिसत होती, पण वापरता येण्याजोगी शिल्लक ६,३५० वजा ४,२००, म्हणजे फक्त २,१५० रुपये होती. सोमवारी सकाळी ट्रॅक्टरच्या कर्जाचा १८,६०० रुपयांचा हप्ता `ACH` मार्गाने आला, तेव्हा धनादेश अजून वटायचा होता, आणि प्रणालीने उताऱ्यातली नव्हे तर वापरता येण्याजोगी शिल्लक पाहून हप्ता परत पाठवला. `RTN CHG` हा त्या परतीचा आकार. येथे नमुन्यादाखल ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ९० रुपये असे धरले आहेत, प्रत्यक्ष आकार बँकेगणिक बदलतो, आणि हप्ता चुकल्याबद्दल कर्ज देणारी संस्था आपला दंड वेगळा लावते. ‘खात्यात नव्वद हजार असताना हप्ता परत कसा गेला’ ही तक्रार अशा वेळी मनापासून केलेली असते, आणि तरीही उतारा काढून पाहिला की तिचे उत्तर दुसऱ्या रकान्यात सापडते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो: धनादेशाचा आणि हप्त्याचा मूल्य दिनांक एकच, १० नोव्हेंबर, असूनही हप्ता परत गेला, कारण मूल्य दिनांकाला दिवस कळतो, तास कळत नाही. वसुलीची पहिली फेरी सकाळी येते आणि धनादेश दिवसभरात केव्हाही वटतो. म्हणून ज्या दिवशी हप्ता कापला जाणार, त्याच्या आदल्या दिवसाचा मूल्य दिनांक असलेली रक्कमच त्यासाठी खात्रीची समजावी.

व्याजावर या अंतराचा परिणाम बचत खात्यात लहान असतो. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिल्लकेवर काढले जाते. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर ते काढले जाई, आणि ‘दहा तारखेच्या आत पैसे भरा’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला त्या काळाचा आहे, जो पोस्टाच्या बचत खात्याला आजही लागू पडतो. वार्षिक २.५ टक्के दर धरला तर ९२,४०० रुपयांवर एका दिवसाचे व्याज ६ रुपये ३३ पैसे होते, आणि ७, ८ व ९ नोव्हेंबर या तीन दिवसांचे मिळून १९ रुपयांच्या आसपास. उताऱ्यातील शिल्लकेवर हिशेब करून बँकेने व्याज कमी दिले असे म्हणणारा खातेदार बहुधा एवढ्याच फरकाने चुकलेला असतो.

हाच धनादेश पीककर्जाच्या खात्यात भरला असता तर मात्र चित्र बदलते. ७ टक्के दराने त्या रकमेवर रोज १७ रुपये ७२ पैसे व्याज पडते, म्हणजे तीन दिवसांत ५३ रुपये. आणि खरी गोष्ट या ५३ रुपयांची नसून मुदतीची आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राच्या योजनेनुसार ७ टक्के व्याज आकारले जाते व वेळेवर परतफेड करणाऱ्याला ३ टक्क्यांची सवलत मिळून ते ४ टक्क्यांवर येते. दोन लाखांच्या वर्षभराच्या कर्जावर ही सवलत ६,००० रुपयांची होते. खरिपाच्या कर्जाची परतफेड साधारणपणे ३१ मार्चपर्यंत अपेक्षित असते, आणि १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. ३१ मार्चच्या संध्याकाळी दिलेल्या धनादेशाच्या पावतीवर ३१ मार्चचा शिक्का असतो, परंतु त्याचा मूल्य दिनांक २ एप्रिल किंवा त्याहून पुढचा लागतो, आणि कर्जखात्याला परतफेड पोहोचते ती त्या दिवशी. अशा वेळी धनादेशाऐवजी रोख, किंवा त्याच बँकेतील स्वतःच्या बचत खात्यातून हस्तांतरण, हा मार्ग निवडण्यात शहाणपण आहे, कारण त्यात दोन्ही तारखा एकच राहतात. आणि धनादेशच द्यायचा असेल तर मार्चचा तिसरा आठवडा ही त्याची वेळ आहे.

मूल्य दिनांक नेहमी पुढचाच असतो असे नाही. काही नोंदींत तो व्यवहाराच्या तारखेच्या मागचा दिसतो: रविवारी एटीएममधून काढलेली रक्कम काही बँकांत सोमवारच्या तारखेला पण रविवारच्या मूल्य दिनांकाने नोंदली जाते, आणि चुकीची नोंद दुरुस्त करताना बँक मूळ दिवसाचा मूल्य दिनांक देऊन खातेदाराचे व्याज सांभाळते. अशा मागच्या तारखेच्या नोंदी आल्या की आधी छापलेल्या शिल्लकांवरून केलेला व्याजाचा हिशेब पुन्हा करावा लागतो, कारण छापलेली शिल्लक नोंदींच्या क्रमाने चालते आणि व्याज मूल्य दिनांकांच्या क्रमाने.

उताऱ्यातील संदिग्ध नोंदींबाबत खातेदाराची बाजू कमकुवत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण ग्रामीण शाखांत ‘संगणकातच तसे आले आहे’ हे उत्तर अंतिम मानले जाते. रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये बँकांना निर्देश दिले की पासबुक व उताऱ्यातील नोंदी अगम्य नसाव्यात: आकार कापला असेल तर तो कशाबद्दल, चुकीची जमा उलटवली असेल तर मूळ जमेची तारीख आणि थोडक्यात कारण, कर्जाचा हप्ता वळता केला असेल तर कर्जखात्याचा क्रमांक आणि नाव, तिसऱ्या व्यक्तीकडून पैसे आले असतील तर पाठवणाऱ्याचे नाव व मार्ग, हे सर्व नोंदीत असले पाहिजे. नमुन्यातील तिसऱ्या ओळीत कोणता हप्ता परत गेला हे दिलेले नाही, म्हणून ती या कसोटीला पुरती उतरत नाही, आणि शाखेकडे त्याचा खुलासा लेखी मागता येतो. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून या लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत.

यूपीआयने गेलेले पैसे समोरच्याला पोहोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावेत आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी असा सप्टेंबर २०१९ चा निर्देश आहे. परतीची ओळ ओळखण्यासाठी तिच्यातील बारा अंकी क्रमांक मूळ ओळीशी जुळवून पाहावा, नुसती रक्कम जुळवू नये. खातेदाराच्या संमतीविना पैसे काढले गेले असल्यास जुलै २०१७ चे निर्देश अधिक पुढे जातात: तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले आणि दोष बाहेरच्या कोणाचा असला तर खातेदारावर भार पडत नाही, बँकेने कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम परत जमा करायची असते, आणि त्या जमेचा मूल्य दिनांक फसवणूक झाली त्या दिवसाचा असावा लागतो. समजा, ८ नोव्हेंबरला कोणी परस्पर ४,२०० रुपये काढले, सोमवारी १० तारखेला तक्रार नोंदली गेली आणि २१ तारखेला रक्कम परत आली, तर उताऱ्याच्या पहिल्या रकान्यात `21/11/25` आणि दुसऱ्या रकान्यात `08/11/25` दिसले पाहिजे. दोन्ही रकान्यांत २१ तारीख असेल, तर रक्कम पूर्ण परत आली असली तरी मधल्या तेरा दिवसांचे व्याज द्यायचे राहिले आहे, आणि मूल्य दिनांक दुरुस्त करण्याची मागणी त्याच तक्रारीच्या क्रमांकावर करता येते.